विहीर टाळणारी इंदूताई

१९६२ साली दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यावर इंदूताई ग्रामसेविका होती, राहायची आमच्याच घरी. बाया आपली दुःखं तिलाच सांगत. सुखीबाईचं लेकरू विहिरीत बुडालं, ती हकीकत ऐकल्यापासून ताई विहिरीवर फिरकेना. काहून, याचं मला कोडं पडलं, कारण तिचं पाणी मलाच भरावं लागे. ताईनं आठ दिवसांची रजा घेतली, तीही फुकट गेली; परतल्यावरही ती विहिरीकडे जाईना.

तिच्या वरच्या मुख्यसेविका मैनाबाई एकदा आमच्या ओसरीवर तिला म्हणाल्या, "बायाईचं ऐकून तुह्या मनात साचलं, हे कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही. बायाईचा विश्वास हाय."

"बाईचं नाव नको. तुले काय होते, ते सांग."

मग दर शनिवारी दोघी बोलत बसू लागल्या. ओझं हलकं व्हावं म्हणून मैनाबाईंनी तिच्याकडचे निम्मे तांडे दुसऱ्या ग्रामसेविकेला दिले.

तीन महिन्यांनी ताई घागर घेऊन विहिरीवर आली. सुखीबाई तिथं पाणी ओढत होती, रोजच्यासारखी.