सोबतकरी हे नाव मी घेतलं

ते नाव माझं नव्हतं आणि ते कोणाचं आहे हे मला ठाऊक होतं. चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कारणं येतील, पण ती कारणं म्हणूनच वाचावीत. सुटका म्हणून नाही.

अमरावतीत माझं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस आहे. तीन वर्षांपूर्वी अकोल्याहून एक बाई आल्या होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. एकट्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेणं, रांगेत उभं राहणं, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांना नीट सांगणं, एवढं काम करणाऱ्या दहा-बारा बाया त्यांनी जमवल्या होत्या. त्यासाठी अ‍ॅप हवं होतं.

"नाव काय ठेवता?" मी विचारलं.

"सोबतकरी," त्या म्हणाल्या. "शेती करते तो शेतकरी, सोबत करते तो सोबतकरी. आमच्या बायांनीच काढलं जी."

मी सांगितलेला खर्च त्यांना परवडला नाही. त्यांनी कॉलेजच्या पोरांकडून साधंसं अ‍ॅप करून घेतलं. मी विसरलो. निदान विसरलो असं मला वाटत होतं.

मागच्या वर्षी बाहेरची कामं कमी झाली तेव्हा स्वतःचं काहीतरी असावं म्हणून मी तसलंच अ‍ॅप अमरावतीसाठी बनवायला घेतलं. काम उभं राहिलं, पण नाव अडलं. 'केअर' लावून पाहिलं तर स्टोअरमध्ये मोठ्या शहरांतल्या कंपन्यांची रांग लागे, आमचं अ‍ॅप तळाशी कुठेतरी राहिलं असतं. 'रुग्णसेवा' शोधलं तर रुग्णवाहिका, औषधाची दुकानं, रक्तपेढ्या असं सगळंच येई. मग एके दुपारी मी शोधपट्टीत 'सोब' एवढंच टाइप केलं आणि खाली आपोआप 'सोबतकरी' आलं. म्हणजे लोक हा शब्द शोधत होते. निकालात अ‍ॅप एकच, बाईंचं. जुनाट चिन्ह, थोडी डाउनलोड्स, पण अभिप्राय सगळे चांगले.

मी ऑफिसातल्या इंजिनिअर मुलीला म्हटलं, "नाव ठरलं."

तिने पाहिलं. "सर, हे अकोल्याचं आहे ना?"

"घेता येते काय ते सांग."

"आयफोनच्या स्टोअरमध्ये घेतलेलं नाव दुसऱ्याले देत नाहीत. अँड्रॉइडवर सारख्या नावाचे दोन अ‍ॅप चालतात. अ‍ॅपची आतली ओळख, म्हंजे कोडमधलं नाव, वेगळी पाहिजे फक्त. कोणी तक्रार केली तर मग पाहतात."

"मंग चालते ना?"

"चालते. पण चालते म्हणून करायचं काय?"

"तू लई विचार करून राहिली," मी हसून म्हटलं. ती हसली नाही.

नावासाठी तीस अक्षरांची मर्यादा असते. मी लिहिलं, 'सोबतकरी – दवाखाना सोबत'. खालच्या छोट्या वर्णनात 'अमरावती, अकोला' टाकलं, कारण गावाचं नाव घालून लोक शोधतात. अकोल्यात आमचं एकही माणूस नव्हतं. पुढे ठेवू, असं मी स्वतःला सांगितलं. स्टोअरने अ‍ॅप मंजूर केलं आणि ती मंजुरी मी निर्दोष असल्याच्या दाखल्यासारखी मनात जपून ठेवली. थोडी जाहिरात केली, डाउनलोड्स वाढली आणि काही आठवड्यांत 'सोबतकरी' शोधलं की आमचं अ‍ॅप वर आणि बाईंचं खाली दिसू लागलं.

मला आनंद झाला होता, हेही लिहायला हवं.

मग बाईंचा फोन आला.

"सर, तुमी माह्यं नाव काहून घेतलं?"

"मॅडम, नावावर असा कोणाचा हक्क नसते. तुमी ट्रेडमार्क केला काय?"

"नाई केला. तुमाले सांगितलं होतं ना मी, तुमच्याच टेबलावर बसून."

त्या थांबल्या नाहीत.

"हिवरखेडची एक बाई काल माह्या घरी येऊन भांडून गेली. तिच्या बापाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. तपासणीले त्याले न्यायचं होतं. तिनं सोबतकरी बुक केला. म्हातारा डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन अकोल्याच्या स्टँडवर बसून राह्यला. कोणी आलंच नाई. शेवटी कोणा अनोळखी माणसानं परतीच्या एसटीत बसवून देल्लं. सर, ते बुकिंग माह्याकडं नव्हतंच. तुमच्याकडं होतं."

मी यादी उघडली. नोंद होती. अकोल्याची विनंती, पुढे 'प्रतीक्षेत'. कोणाकडेच न गेलेली. त्या म्हाताऱ्याचा डोळा पुढे सुजला आणि तपासणी उशिरा झाली. डोळा वाचला, पण ते माझ्यामुळे नव्हे.

बाईंच्या अ‍ॅपवर जाऊन पाहिलं तर खाली नवे अभिप्राय होते, एका ताऱ्याचे. 'विश्वास ठेवू नका.' 'म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवतात.' सगळे आमच्या चुकांचे, नाव सारखं म्हणून त्यांच्यावर पडलेले. बाईंना फोन येणं कमी झालं होतं आणि त्यांच्या दोन बायांनी काम सोडलं होतं.

इंजिनिअर मुलीला मी एवढंच म्हणालो, "नाव बदलू." ती म्हणाली, "आजच कामाले लागते, सर," आणि मागचं काही काढलं नाही. ते मला जास्त लागलं.

या वेळी नाव निवडताना आम्ही आधी दोन्ही स्टोअर शोधली, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांतही. ट्रेडमार्कची सरकारी नोंद पाहिली. मिळत्याजुळत्या उच्चाराची नावं तपासली. जे ठरलं ते आमच्या गल्लीचं नाव लावलेलं, काहीसं ओबडधोबड. शोधात ते मागे पडेल हे दिसत होतं. वर्णनातून अकोला काढलं, चिन्हाचा रंग बदलला. आतली ओळख मात्र एकदा प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपची बदलता येत नाही. तिच्यात तो शब्द अजून आहे. लोकांना दिसत नाही, मला दिसतो.

मग मी अकोल्याला गेलो. बाईंनी चहा दिला. मी सगळं सांगितलं आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"मले नका सांगू. मी वळखते तुमाले. जिच्या बापाले बसवून ठेवलं तिले सांगा. तिच्या गावात माह्यं नाव तिच्याच तोंडून खराब झालं, तिच्याच तोंडून साफ झालं पाहिजे."

"नंबर द्या."

"देते. पण इथंच बसून बोला. आयकू येऊ द्या मले."

त्यांनी नंबर लावला, फोन स्पीकरवर ठेवला आणि शेजारी बसल्या. आतून त्यांच्या दोन सोबतकरी बाया दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

पलीकडून आवाज आला, "कोण?"

"मी अमरावतीहून बोलतो, ताई. तुमी ज्या अ‍ॅपवर बुक केलं ते माझं होतं."

"मंग एवढ्या दिवसांनी आता काय?"

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, फोनकडे बघत होत्या.

"अकोल्याच्या बाईंची काही चूक नव्हती," मी म्हणालो. "त्यांचं नाव लोक शोधतात हे पाहून मी ते मुद्दाम घेतलं. अकोल्यात माणूस नसताना अकोला लिहिलं. तुमच्या बाबांना मी बसवून ठेवलं, ताई. माझी चूक झाली. मला माफ करा."