नाकातला बोळा

तरुणपणी मी इतकी हुशार डॉक्टर होते, की रक्तात जंतू सापडेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे. यंदा आमच्या आयसीयूत पेठ गावची एक सून आली. ताप, अंगभर लाली, रक्तदाब ढासळलेला.

"मॅडम, रक्तात जंतू नाहीत," शिकाऊ डॉक्टर म्हणाली.

"अगं, जंतू रक्ताबाहेर कुठेतरी बसून नुसतं विष सोडतोय. एरवी टी-पेशी, म्हणजे शरीराची शिपाई पेशी, आपला नेमका शत्रू ओळखूनच उठते. हे विष तिला शत्रू दाखवणाऱ्या पेशीशी बाहेरूनच जखडतं. मग ओळखपाळख नसताना असंख्य टी-पेशी एकदम खवळतात आणि रक्तदाब कोसळतो. त्याची जागा शोध."

घोळणा फुटून रक्त आल्यावर भरलेला बोळा नाकातच राहिला होता; जंतू त्यातच बसला होता. तो काढला, सलाईन चढवलं, विषनिर्मिती रोखणारं अँटिबायोटिक दिलं. रक्तदाब सावरला. शुद्धीवर येताच ती सासूला म्हणाली, "आत्या, च्या हाय का?"

मी वॉर्डभर मिरवले.