रोज वाढणारं दुकान

दौंडमध्ये हौशीराम शितोळ्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘बंद’ हा शब्द चालत नाही. संध्याकाळी शटर खाली ओढताना ते म्हणतात, “चला, दुकान वाढवू.” फोनवर कुणी विचारलं, “बंद केलं का?” तर उत्तर येतं, “वाढवलंय. सकाळी या.” एकदा दुकानातला पंखा बिघडला, तेव्हाही त्यांनी गिऱ्हाइकाला “पंखा जरा विश्रांती घेतोय” असंच सांगितलं होतं. वडिलांनी गल्ल्यावर बसवताना शिकवलेली ही पहिली गोष्ट, आणि हौशीराम ती विसरणाऱ्यातले नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षर. त्यांचं हाताचं बिल लग्नपत्रिकेसारखं दिसे. ‘बिजागरी’ या शब्दाची वेलांटी अशी डौलदार, की दरवाजाच उघडतोय असं वाटावं. मी त्यांचा करसल्लागार, त्यांची विवरणपत्रं गेली कित्येक वर्षं मीच भरतो. पण आमच्या कार्यालयात येते ती त्या बिलांची कार्बन प्रत, आणि कार्बनला डौल कळत नाही. पाचाचा आठ होतो, आठाचा तीन.

हेच मागच्या हिवाळ्यात अंगाशी आलं. कुरकुंभच्या एका कारखान्याला हौशीराम नट-बोल्ट, पाइप, कुलपं पुरवत. त्यांचा निम्मा धंदा त्या एका फाटकातून जाई. कार्बनवरून उतरवताना कारखान्याचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक विवरणपत्रात दोनदा चुकला, त्यामुळे कारखान्याला त्या खरेदीवरच्या कराची वजावट मिळेना. तिथले खरेदी अधिकारी मूळचे कोइमतूरचे, पण मराठी शिकून घेतलेले. ते स्वतः दुकानात आले आणि शांतपणे सांगून गेले, की एक एप्रिलपासून संगणकावरचीच बिलं घेणार. शिवाय कागद, चहा-साखर, हार्डवेअर असं सगळं दौंडमध्ये अशा बिलांवर मिळणार नसेल, तर सगळीच खरेदी पुण्याच्या एका पुरवठादाराकडे देणार. एकट्या हौशीरामांनी सुधारून भागणार नव्हतं. बाजारालाच सुधारायला हवं होतं.

म्हणून व्यापारी संघटनेच्या बैठकीत बोलायचं त्यांनी कबूल केलं. याआधी ते जाहीर बोलले होते ते फक्त एका शोकसभेत, आणि तिथंही शेवटी सवयीनं “पुन्हा या” म्हणून गेले होते. भाषण मी लिहून दिलं. चार पानं, मुद्देसूद. दौंडच्याच पृथ्वीराजनं तयार केलेला बिलाचा साधा प्रोग्राम त्यांनी सोमवारी दुकानात बसवून घेतला. वापरून बघितल्याशिवाय लोकांना सांगायचं नाही, हा त्यांचा नियम.

गुरुवारी दुपारी बैठक होती. संघटनेचा हॉल रुळांना लागून आहे. मालगाडी गेली की वक्त्यानं थांबायचं आणि डबे संपले की पुढं बोलायचं, हा तिथला शिरस्ता. पहिल्या रांगेत किराणा मालाचे घाऊक व्यापारी सोपानआबा काठी टेकून बसले होते. बाजारातली अर्धी दुकानं त्यांच्या होकाराकडे बघून चालतात, आणि त्यांचा होकार नव्हता. त्यांच्या शेजारी रेल्वे कॉलनीजवळ स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या करुणा गायकवाड.

हौशीराम उभे राहिले. माझी चार पानं त्यांनी खिशातून काढलीच नाहीत. मालाचं नाव, दर, कराचा टक्का एकदाच भरायचा, मग प्रत्येक बिलात तो आपोआप येतो. गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांकही एकदाच नीट तपासून भरायचा. बेरीज चुकत नाही आणि बिलाचे क्रमांक ओळीनं पडतात, असं त्यांनी गल्ल्यावर बसून बोलावं तसं सांगितलं. मधे एक मालगाडी गेली, तेवढ्यात त्यांनी पाणी पिऊन घेतलं.

“आपलं अक्षर चांगलं हाय हा आपला अभिमान,” ते शेवटी म्हणाले, “पण कारखान्याला अक्षर नको, आकडा पायजे. तो बरोबर दिला न्हाई, तर गिऱ्हाईक पुण्याला जाणार. आपण हितं वेलांट्या काढत बसू.”

लोक हसले. आता पुरावा द्यायचा म्हणून त्यांनी बरोबर आणलेला लॅपटॉप उघडला, लहान छपाईयंत्र जोडलं आणि करुणाताईंनी सकाळी नेलेल्या कडी-कोयंड्याचं बिल सर्वांसमोर काढलं. कागद सरसर बाहेर आला. करुणाताईंनी तो वाचला, पुन्हा वाचला.

“दादा, बेरीज बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण तारीख सोमवारची आहे.”

हौशीरामांनी मागची बिलं उघडली. मंगळवारची सोमवारची, बुधवारची सोमवारची. गुरुवारचीही सोमवारचीच.

“म्हंजी तीन दिवस आपण झोपूनच होतो म्हणायचं,” सोपानआबा म्हणाले. मागच्या बाजूला दोघं-तिघं चपला शोधू लागले. कारखाना आता पुण्याला चालला, हे हौशीरामांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि तेही त्यांच्याच वळणदार अक्षरात.

त्यांनी पृथ्वीराजला फोन लावून आवाज मोठा केला. त्यानं विचारलं, संध्याकाळी शेवटचं बटण दाबता का? ते दाबल्याशिवाय प्रोग्राम दिवस संपवत नाही, पुढची बिलं त्याच तारखेत टाकतो. रोज सकाळी तो आठवणही करून देतो.

“देतो की,” हौशीराम म्हणाले. “‘कालचं दुकान बंद करायचं का?’ असं विचारतो. सकाळी सकाळी! मी ‘नंतर’ दाबतो.”

“आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळी बटणावर ‘दुकान बंद करा’ लिहिलंय, पृथ्वीराज. ते माझ्या हातानं कसं दाबू?”

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हे मला विशेष वाटलं. चपला शोधणारेही थांबले. सोपानआबांनी काठी एकदा जमिनीवर आपटली.

“बरोबर केलं त्यानं. मीबी दाबलं नसतं.” मग ते फोनकडे झुकले. “पोरा, तो शब्द बदलता येतो का?”

पृथ्वीराज म्हणाला, बटणावरचा शब्दच आहे, लगेच बदलतो.

“मग ‘दुकान वाढवा’ लिही. आन् माझ्या दुकानात कवा बसवतोस ते सांग.”

पुढचं भाषण हौशीरामांना करावंच लागलं नाही. मला मात्र माझं काम करावं लागलं. मी उठून सांगितलं, की चुकीच्या तारखेची बिलं पुसायची नाहीत, रद्द करायची, आणि त्या जागी नव्या क्रमांकाची बिलं काढायची. करुणाताई म्हणाल्या, हाताच्या बिलात अशी चूक आपल्याला वर्षअखेरीला कळली असती, इथं तीन दिवसांत कळली. माझ्या चार पानांत हा मुद्दा नव्हता.

एप्रिलमध्ये कारखान्याचा माल दौंडमधूनच गेला: हौशीरामांचे बोल्ट, करुणाताईंचा कागद, आबांची साखर. बिलं एकदाही परत आली नाहीत. महिनाभरानं खरेदी अधिकारी दुकानात आले. गल्ल्यामागं टाचणीला आदल्या दिवसाचा छापील गोषवारा अडकवलेला होता, त्याच्या तळाशी होतं, ‘दुकान वाढवले.’ त्यांनी ते सावकाश वाचलं आणि दुकानात इकडंतिकडं पाहिलं.

“अभिनंदन, शितोळे. कुठल्या बाजूनं वाढवलं?”

हौशीरामांनी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

“रोजच वाढवतो, साहेब,” ते म्हणाले. “संध्याकाळी थांबा, दाखवतो.”