वास्तुशांतीचं लुगडं

वास्तुशांतीच्या पहाटे मी आईचं रेशमी लुगडं नेसून उभी होते आणि स्वतःवर भलतीच खूश होते. चापूनचोपून नेसलेलं, निऱ्या एकसारख्या, कासोटा मागे ताठ. हेडमास्तरांची बायको नेसते तसं नेसायचं, हे मी महिनाभर आधीच ठरवलं होतं.

माझं माहेर लांब कोकणात. तिसरीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि मास्तरांबरोबर मी मिरजगावात येऊन पडले. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. लढाईचे दिवस, कापड कंट्रोलचं, रेशीम तर डोळ्यांना दिसत नव्हतं. दोन खोल्यांचं धाब्याचं घर पुरं झाल्याचं आईला कळलं आणि तिने आपलं स्वतःचं लुगडं पाठवलं. सोबत चिठ्ठी: पूजेला हेच नेस, जपून नेस, जुनं झालंय. जुनं रेशीम ताणलं की घडीवर चिरतं. ते चिरलं तर आईला काय सांगू, या एका धास्तीने मला आठ दिवस झोप नव्हती.

तेवढ्यात शेजारची पाटलीण दह्याचं भांडं घेऊन दारात आली. मी सोवळ्यात, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच थांबली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"मास्तरीनबाई, झाक दिसतंय. आता मांडी घाला बरं."

मी पाटावर बसायला गेले. गुडघे निम्मेसुद्धा वाकेनात. मांडीवर रेशीम असं ताणलं की मी किंचाळून उभी राहिले.

"आवं, उबं ऱ्हाऊन काय नेसता? चार तास बसायचं हाय न्हवं? मांडी घालायची, मांडीवर कापड सैल सोडायचं, मंग कासोटा खोचायचा. सोडा समदं!"

मी सोडलं. तिला हात लावता येईना, मला सुचेना. मग ती उंबऱ्याबाहेरून हातवारे करत ओरडू लागली, जशी काही लांबून बैलं हाकतेय. "उजव्या अंगाला! आवं, तुमचं उजवं! वाईच ढिलं… लई न्हाई, लई न्हाई!" मला हसू आवरेना. हसले की गाठ सुटे. आतून मास्तरांनी विचारलं, "अगं, गुरुजी आले, काय चाललंय?" तर पाटलीण म्हणाली, "घर बांदायला येवडा येळ लागला न्हाई, मास्तर!"

शेवटी जमलं. "उठल्यावर मातर पुन्यांदा घट्ट करा," एवढं बजावून ती गेली.

मास्तरांच्या उजव्या बाजूला, त्यांच्या हाताला हात लावून मी बसले ती बसलेच. पुण्याहवाचन झालं, होम झाला, धुराने डोळे चुरचुरले, पायांना मुंग्या आल्या, पण मांडीवरचं रेशीम सुखात होतं. मी मनात पाटलिणीला नमस्कार घालत होते. घराभोवती सूत गुंडाळत, दूधपाण्याची धार धरत फिरलो, कोपऱ्यातल्या खड्ड्यात वास्तुप्रतिमा पुरली. मग एकदम पानं मांडली गेली, पाहुणे भुकेलेले, आणि मी बधिर पायांनी तशीच तूप वाढायला धावले. बसण्यासाठी सोडलेलं सैल कापड तसंच राहिलं.

तिसऱ्या पानावर वाकले आणि कमरेची गाठ खाली घसरल्याचं कळलं. एका हातात तुपाचं भांडं, दुसऱ्यात पळी. समोर गुरुजी, शेजारी हेडमास्तर. मागे कासोटा निघतोय. मी कोपरांनी लुगडं दाबून खांबासारखी उभी.

दारातून पाटलिणीने पाहिलं. ती क्षणभर थांबली, मग सरळ आत आली, माझ्यामागे आडोशाला उभी राहिली, गाठ वर खेचून दोनदा आवळली, आणि कासोटा असा खोचला की मी चवड्यांवर उचलले गेले. माझं सोवळं गेलं. पंगतीत कुणी घास उचलेना. सगळे गुरुजींकडे बघत होते.

गुरुजींनी पानाकडे पाहिलं. "बाई, तूप वाढा. भात निवतोय."

मग काय, मी नाचतच वाढलं! तीन पंगती उठल्या. पळी नाचत होती, मी हसत होते, आणि लुगडं तसूभर हललं नाही.

हललं नाही ते संध्याकाळीसुद्धा. गाठ काही केल्या सुटेना, आणि ओढावं तर रेशीम चिरेल. मी दारात जाऊन हाक मारली.

"सकाळच्याला उंबऱ्यापाशी उबं केलं," पाटलीण आत येत म्हणाली, "अन् आता आत या म्हनता व्हय?"

मी पाट पुढे सरकवला. ती बसली, दात लावून गाठ मोकळी केली आणि लुगडं दिव्याजवळ धरून घडीन् घडी तपासली. कुठे चीर नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना अक्षरं विचारत विचारत मी स्वतःच्या हाताने आईला पत्र लिहिलं. लुगडं शाबूत आहे, आणि इथे मला एक बाई भेटली आहे.