चुन्याच्या रेघेवरचा बार्तुल

बार्तुलचे बूट कायम पांढरे. फुटबॉलचा सामना संपला की बाकीच्यांच्या बुटांना माती आणि याच्या बुटांना चुना, कारण गडी मैदानाची डावी रेघ सोडायचाच नाही. आमच्या लुचित्सा गावात त्याला त्यावरून काय काय नाही म्हटलं! खांब म्हटलं, पहारेकरी म्हटलं, एकानं तर त्याच्या अंगावर कपडे वाळत घालू का म्हणून विचारलं. आणि या सगळ्यांत जहाल जीभ कुणाची, तर सख्ख्या आईची.

त्याची आई पेरिना मासळी बाजारात सार्डिन विकते. तिच्या जिभेला जी धार आहे ती तिच्या सुरीला नाही. दर रविवारी ती मैदानाच्या कठड्यावर, बरोब्बर डाव्या कडेला, भोपळ्याच्या बियांची पुडी मांडीवर घेऊन बसणार आणि सुरू होणार.

"अरे बार्तुल, ऊन खायला आलायस का? मग इकडे ये की, बिया तरी खाशील!"

"आई, खेळू दे गं."

"खेळ ना! मी कुठे धरलंय तुला? बापावर गेलाय मेला. बाप दोरी धरून उभा, हा रेघ धरून उभा."

यात खोटं काहीच नव्हतं. बार्तुलचा बाप जन्मभर जाळ्याची काठावरची दोरी धरून उभा राहिला. होडी जाळं सोडत सोडत लांब वळसा घालून यायची, मासे होडीवाल्यांच्या नावावर जायचे आणि हा गुडघाभर पाण्यात दोरी कमरेला बांधून गप्प उभा. तो गेला तेव्हाही लोक म्हणाले, शांत माणूस होता. बस, एवढंच.

बार्तुल दिवसभर बंदरात होड्या दुरुस्त करतो. छत्तीस वर्षांचा झाला, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यानं ठरवलं की हा हंगाम शेवटचा. आणि शेवटचा सामना आला तो कामेनोशी. जिंकलो तर आम्ही वरच्या गटात, बरोबरी झाली तर कामेनो. गावाला वरचा गट हवा होता. बार्तुलला त्याहून साधी गोष्ट हवी होती. आईनं एकदा, फक्त एकदा, म्हणावं की माझ्या पोरानं काहीतरी केलं.

कामेनोची माणसं डोंगराकडची, चिवट. त्यांना बरोबरी पुरत होती, म्हणून दहाच्या दहा जण आपल्या गोलासमोर मूठ आवळावी तसे दाटीनं उभे राहिले. मधून सुई जाईल तर शपथ! अशी मूठ फोडायची आमच्या कोचची, म्हणजे येर्कोची, रीत ठरलेली. चेंडू उजव्या कडेला खेळवत ठेवायचा, म्हणजे सगळी मूठ तिकडे सरकते. मग ती परत सरकायच्या आत झटकन पार दुसऱ्या टोकाला पोचवायचा. त्या टोकाला कुणीतरी रेघेला चिकटून उभं हवं. ते कुणीतरी म्हणजे बार्तुल.

पण पूर्वार्धात सगळंच फिसकटलं. मधल्या फळीतल्या व्हिन्कोकडे चेंडू आला की तो आधी थांबवणार, मग मान वर करून बघणार, मग उंच उडवणार. समुद्राकडून वारा वाहत होता, चेंडू हवेत रेंगाळायचा. तो खाली येईपर्यंत कामेनोची अख्खी मूठ सरकून बार्तुलपुढे हजर. चेंडू दोनदा असाच गेला. तिसऱ्यांदा तर आलाच नाही.

"बोलाव की त्याला!" आई ओरडली. "का आमंत्रण छापायचंय?"

कठडा हसला. बार्तुलच्या कानाची पाळी लाल झाली. अन् मग त्यानं जे कधी केलं नव्हतं ते केलं. रेघ सोडली आणि चेंडू मागत मधे घुसला.

"हलला रे, खांब हलला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेरिनानंही वाजवल्या.

पण त्याच्याबरोबर त्याच्यावर नजर ठेवणारा कामेनोचा राखणदारही मधे आला. आधीच दाटी, त्यात आणखी दोघं. व्हिन्कोला पास द्यायला जागाच उरली नाही, चेंडू हिसकावला गेला आणि कामेनोच्या माणसानं थेट धाव घेऊन आमच्या गोलाच्या आडव्या दांडीवर आदळवला. नशीब बलवत्तर, म्हणून वाचलो.

मध्यंतरात येर्को आधी व्हिन्कोवर घसरला. "चेंडू पायाशी आल्यावर काय बघतोस? येण्याआधी बघ! आणि एका टचमध्ये, खालून, जोरात. चेंडूला धाप लागत नाही, त्यांना लागू दे." मग तो बार्तुलकडे वळला. "टाळ्या मिळाल्या ना?"

बार्तुल बुटांकडे बघत राहिला. "कोच, शेवटचा सामना आहे. आई बसलीय समोर."

"मग तिच्यासमोर नीट उभा राहा. तू आत आलास की त्यांना मूठ उघडायची गरजच नाही रे बाबा. तू बाहेर असलास की त्यांना डोळा तुझ्यावर ठेवावाच लागतो."

उत्तरार्धात बार्तुल पुन्हा रेघेवर. आई काही बोलली, त्यानं ऐकलं नाही. उजवीकडे चार-पाच छोटे पास झाले, मूठ तिकडे ओढली गेली, चेंडू मागे व्हिन्कोकडे आला. त्यानं आधीच बघून ठेवलं होतं. एकच टच, आणि चेंडू जमिनीलगत सणसणत आडवा बार्तुलच्या पायात! पुढे मैदान मोकळं. त्याच्यावरचा राखणदार धापा टाकत पोचेपर्यंत बार्तुलनं चेंडू गोलासमोर घातला होता. गोलकीपरनं कसाबसा बाहेर ढकलला. थोड्या वेळानं पुन्हा तेच, या वेळी चेंडू गोलाच्या खांबाला लागून परतला.

"चुनेवाल्याकडे बघा रे, तो सुटलाय!" कामेनोचा कप्तान बोंबलत होता. त्यांची माणसं या टोकाकडून त्या टोकाकडे धावून धावून मेटाकुटीला आली होती. आता तर चेंडू उजवीकडे असला तरी बार्तुलच्या बाजूचे दोघं तिरके होऊन त्याच्याकडेच बघायचे.

खेळ संपत आला. पुन्हा उजवीकडून चेंडू मागे व्हिन्कोकडे आला. व्हिन्कोनं डावीकडे पाहिलं, पाय उचलला. बार्तुलनं हात वर केला. झालं! राखणदार बार्तुलकडे धावत सुटला, त्याच्या आतल्या बाजूचाही त्याच्यामागोमाग सरकला, आणि मुठीची दोन बोटं फाकली. व्हिन्कोनं पाय फिरवला आणि चेंडू त्या फटीतून सरळ आत सारला. मागून धावत आलेला आमचा रोको गोलकीपरसमोर एकटा. गोल!

अहो, काय तो गलका! सगळे रोकोच्या अंगावर पडले, पोरं कठड्यावरून उड्या मारून आत. थोड्या वेळात शिट्टी झाली आणि आम्ही वरच्या गटात गेलो. रोको खांद्यावर, व्हिन्को खांद्यावर. बार्तुलचा हात अजून अर्धवट वरच होता. त्या गोलात त्याचा पाय चेंडूला लागलाही नव्हता. आता आईला काय सांगायचं?

तो कठड्याशी आला तेव्हा पेरिनाच्या मांडीवरची पुडी कधीच सांडली होती. शेजारचा पाववाला नाचत होता. "रोकोनं केलं बघ, पेरिना! रोकोनं केलं!"

"गप रे!" पेरिना उठून उभी राहिली. "रोकोनं मासा उचलला. दोरी माझ्या पोरानं धरली होती. ते दोघं कुणाकडे पळाले, दिसलं नाही तुला? मला दिसलं. मी चेंडू बघतच नव्हते." मग ती हळू आवाजात म्हणाली, "ह्याच्या बापाला मी एवढं कधी म्हटलं नाही रे."

बार्तुलनं खाली बसून बुटांचा चुना हातानं झटकायला घेतला.

"राहू दे पांढरे," आई त्याचा दंड धरत म्हणाली. "चल, बाजारातून जाऊ घरी."

"अगं, बाजारातून लांब पडतं."

"पडू दे," पेरिना म्हणाली आणि त्याला घेऊन निघाली.