एकाच बेडकाचे दोन आवाज

गेल्या उन्हाळ्यात, एका सोमवारी, खारघरच्या आमच्या ऑफिसात एका आईची कमेंट वाचून दाखवण्यात आली. आमच्या नाचणीच्या कुरकुऱ्यांच्या पाकिटावर हिरवा बेडूक आहे आणि सोशल मीडियावर तोच बोलतो. तिच्या मुलीनं विचारलं होतं, हा सकाळी लहान असतो आणि संध्याकाळी आजोबा होतो का?

सकाळच्या पोस्ट प्रोबेशनवरची सहकारी लिहायची, संध्याकाळच्या मी. मी वर्तमानपत्रातून आलो होतो. तिचा बेडूक ‘मी’ म्हणायचा, माझा ‘आम्ही’. मालकीणबाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. आवाज एक झाला नाही तर काम बाहेरच्या एजन्सीला जाणार होतं. मी कंपनीच्या इतर कामांत राहिलो असतो. तिची नोकरी मात्र गेली असती.

आम्ही बेडकाचं वय ठरवलं: सहा वर्षं. तो आधी बढाई मारतो, मग स्वतःच उघडा पडतो. वाक्यं छोटी. ‘खा’ म्हणत नाही, ताकद किंवा उंची वाढेल असं सांगत नाही. तक्रार आली तर गप्प बसतो. तिथे कंपनी स्वतःच्या नावाने उत्तर देते.

नियम लिहून झाले, पण आवाज जमला का हे कळेना. म्हणून तिने एक पद्धत काढली. दोघांनी एकाच विषयावर लिहायचं आणि कुणाचं कुठलं ते न सांगता कागद ऑफिसातल्या अकाउंटंटसमोर ठेवायचे. ते साताऱ्याचे, कामोठ्याला राहणारे. पहिल्या दिवशी त्यांनी चष्माही न लावता माझा कागद बाजूला काढला.

“साहेब, ह्यो तुमचा. बेडूक प्रेसनोट काढतोय.”

मी क्रियापदं कापली. दुसऱ्या दिवशीही त्यांनी ओळखलं. बेडकाने पावसाबद्दल ‘सूत्रांकडून समजतं’ असं म्हटलं होतं. सहकारी हसता हसता खुर्चीवरून घसरली. मग म्हणाली, “सर, बेडकाला कुणी सांगितलं नाहीये. त्याने बघितलंय.”

तेव्हापासून बेडूक फक्त स्वतः पाहिलेलंच सांगू लागला.

शुक्रवारी मालकीणबाईंनी स्वतः कागद मिसळले. अकाउंटंटनी चष्मा लावला, कागद पुन्हा पुन्हा उलटसुलट केले आणि एक उचलून म्हणाले, “ह्यो साहेबांचा. शंभर टक्के.”

तो माझ्या सहकारीचा होता. मालकीणबाई हसल्या आणि अकाउंटंटना म्हणाल्या, “तुम्ही हरलात. चहा तुमच्याकडून.”

त्याच दुपारी तिला कायम केल्याचं पत्र मिळालं. संध्याकाळची पोस्ट मी लिहिली: “आज मी मोठ्ठी उडी मारली. डबा पडला. डबा आधीच पडलेला होता.”

त्याच आईने खाली लिहिलं, मुलगी म्हणते, आता बेडूक एकच आहे.