‘आपली माणसं’ आणि बाकीचे

बाबांच्या फोनमध्ये देव होते, पुढारी होते, गुडघेदुखीचे काढे होते, हेल्मेट घातलेलं मांजर होतं आणि शुभ सकाळ म्हणणारे ढीगभर गुलाब होते. अधेमध्ये कुठेतरी आम्ही होतो.

एरवी मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण बाबांना विसर पडायला लागला होता. मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज थोडा वेळ घरचे फोटो दाखवा, त्यांना त्यावर बोलू द्या. आईने ते गोळीसारखं नेमाने सुरू केलं. दुपारचा चहा झाला की विक्रोळीच्या आमच्या घरात दोघं गॅलरी उघडून बसायची.

एकदा मीही शेजारी बसले. तोंडाला केक फासलेलं एक बाळ आलं. बाबा बघत राहिले.

“हा कोणाचा गं?”

“अहो, फॉरवर्ड आहे तो. कोणाचा कोण,” आई म्हणाली.

बाबांनी मान डोलावली, पण चेहरा पडला. पुढच्या फोटोत त्यांचा सख्खा भाऊ होता, तर त्याचंही नाव घ्यायला ते कचरले. उगाच चुकायला नको म्हणून. कंपनीत असताना सगळ्या डिपार्टमेंटच्या पोराबाळांची नावं तोंडपाठ असलेला हा माणूस. त्याला एका मीममधल्या पोरापायी ओशाळं झालेलं बघून माझं डोकंच फिरलं.

“आण तो फोन. एका फटक्यात साफ करते,” मी म्हणाले.

माझं सोपं गणित होतं. स्क्रीनशॉटचा फोल्डर उडवायचा, ग्रुपवरून आलेल्यांचा फोल्डर उडवायचा, कॅमेऱ्याने काढलेलं तेवढं ठेवायचं. आईने माझा हात धरला.

“थांब ना जरा. आधी बघ तरी.”

बघितलं, आणि माझ्या गणिताची वाट लागली. स्क्रीनशॉटमध्ये वीजबिलं आणि ओटीपी होतेच, पण त्यांच्यामध्ये माझी भाची होती. भाऊ परदेशात असतो. त्याचा व्हिडिओ कॉल आला की आई स्क्रीनशॉट काढते, बाबांच्या फोनवरूनही काढते. पाळण्यातल्या बाळापासून पुढचे दात पडलेल्या पोरीपर्यंत भाची तिथेच मोठी झाली होती, आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आईचं कपाळ. चुलतभावाचं लग्न सगळंच्या सगळं ग्रुपच्या फोल्डरमध्ये, शुभ सकाळच्या गुलाबांखाली गाडलेलं. आणि माझ्या भरवशाच्या कॅमेऱ्यात काय होतं? गॅसचा मीटर, गोळ्यांची पाकिटं आणि बाबांचा अंगठा.

मग एकेक फोटो बघणं आलं. मी बोट ठेवायची, आई निकाल द्यायची. “हा आपला. हा नाही. हा… अगं, ही तुझी मामी, डोळे मिटलेत म्हणून काय झालं, ठेव.” राहिले त्यांचा वेगळा अल्बम केला, नाव दिलं ‘आपली माणसं’. बाकीचे डिलीट. नव्या फॉरवर्डची भर पडू नये म्हणून ग्रुपचे फोटो गॅलरीत दिसायची सेटिंगही बंद केली. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

काही दिवस झकास गेले. बाबा नावं घ्यायला लागले, एखाद्याची खोडीही काढायचे. मग एका दुपारी जुहूच्या वाळूत भेळ खाणारी मी आले. बाबांनी फोन लांब धरून पाहिला, जवळ घेऊन पाहिला. मी शेजारीच होते.

“ही कोण?”

आई माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा तेच समजुतीने म्हणाले, “फॉरवर्ड असेल.”

“हो, असेल,” आई पटकन म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्या अल्बममध्ये आता एकही फॉरवर्ड नव्हता. न ओळखायची सोय म्हणून बाबांकडे तेवढीच एक जागा उरली होती आणि मीच ती झाडून टाकली होती. आई मागोमाग आली.

“त्यात काय एवढं? दोन-चार परके टाक ना परत.”

“आई, एवढं निवडलं ते कशासाठी मग?”

“त्यांच्यासाठीच ना?”

मी नाक पुसलं आणि फोनची कचरापेटी उघडली. डिलीट केलेलं तिथे महिनाभर राहतं, म्हणून बरं. हेल्मेटवालं मांजर, एक अनोळखी नवरदेव आणि ते केकवालं बाळ परत आणून ‘आपली माणसं’मध्ये बसवलं. आता कोण परके ते आम्हाला दोघींना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बाळ आलं. बाबांनी बराच वेळ पाहिलं.

“हा आपल्यातला नाही.”

“बरोबर बाबा,” मी म्हणाले.

ते खुर्चीत जरा सैल बसले. स्वतःच बोटाने फोटो पुढे सरकवत गेले, आणि माझ्यावर येऊन थांबले. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नाव काही सापडेना.

“ही आहे,” ते म्हणाले. “ही आपल्यातली आहे.”